वानगी

आडतीच्या धंद्यात माझी चाळीस वर्षे गेली. मालाची स्तुती ऐकून पोते उचलणारा व्यापारी मला या काळात भेटलेला नाही. ‘माल एक नंबर आहे’ असे शेतकरीही म्हणतो, दलालही म्हणतो आणि वेळप्रसंगी मीही म्हणतो. परंतु घेणारा काही न बोलता ओंजळ पुढे करतो. मग पोत्यात पोकळ टोकदार नळी खुपसून मधल्या थरातले दाणे काढायचे आणि त्याच्या हातावर ठेवायचे. ही वानगी. पोत्याच्या तोंडाशी निवडलेला माल भरून ठेवण्याची युक्ती फार जुनी आहे, म्हणूनच नळी मध्यापर्यंत घालावी लागते. एवढे सगळे ठाऊक असूनही माझ्या लेकीचा परिचय लिहायची वेळ आली, तेव्हा मी पोत्याच्या तोंडाशीच माल रचत बसलो.

निमित्त होते समाजाच्या वधू-वर परिचय संमेलनाचे. लेक पवईला नोकरी करते, तेथेच भाड्याने राहते. अर्ज भरायला म्हणून आम्ही उभयता फलटणहून चार दिवस तिच्याकडे गेलो. अर्जातील बहुतेक रकाने मी सराईतपणे भरले. जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, गोत्र, मामांचे आडनाव आणि गाव यांत काही अडचण नव्हती. शेवटचा रकाना मात्र रिकामा राहिला: ‘स्वतःविषयी थोडक्यात (५० शब्द)’. हाच मजकूर पुस्तिकेत छापला जाणार होता आणि संमेलनात व्यासपीठावरून वाचायचाही होता.

मी लिहिले: ‘सुस्वरूप, गृहकर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीची. आधुनिक परंतु सुसंस्कारित. नोकरी व घर दोन्ही सांभाळणारी. वाचन, प्रवास व संगीताची आवड.’

लेकीने वाचले आणि विचारले, “अप्पा, हे माझ्याविषयी आहे की मावशीच्या मुलीविषयी?”

प्रश्न मला लागला, कारण मावशीच्या मुलीचा मजकूरही दोन वर्षांपूर्वी मीच लिहून दिला होता आणि तो जवळजवळ हाच होता. नाव झाकून कागद पुढे केला तर आपली मुलगी आपल्यालाच ओळखता येऊ नये, अशी विशेषणे मी जमवली होती. त्या शब्दांचाही सगळा दोष नाही. वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातींना शब्दावर किंवा ओळीवर पैसे पडत, तेव्हा ‘गृहकर्तव्यदक्ष’ हा एक शब्द एका वाक्याचे काम करी आणि खिसाही राखी. त्या काटकसरीतून ही भाषा घडली. आता रकान्याला पैसे पडत नाहीत, पण भाषा तीच राहिली आहे.

लेकीने मला एक जुना प्रयोग सांगितला. १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन लेखी दिले. हे वर्णन तुम्हाला कितपत लागू पडते, याला पाचपैकी गुण द्या, असे त्याने सांगितले. सरासरी ४.२६ गुण पडले. मग त्याने उघड केले की सर्वांना दिलेला कागद एकच होता आणि त्यातील वाक्ये त्याने रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. जे वर्णन सर्वांना लागू पडते ते कोणालाच खोटे वाटत नाही आणि त्यातून कोणाचीच ओळखही होत नाही. ‘मनमिळाऊ’ हा शब्द मी तेथेच खोडला. मनातून मात्र तो गेला नव्हता, हे पुढे कळेल.

दुसरा मसुदा तिच्या मैत्रिणीने लिहिला होता. ही मुलगी जाहिरातींचे मजकूर लिहिते, त्यामुळे आम्हाला मोठी आशा होती. त्यात लिहिले होते की ही कन्या कॉफीवर चालते, झोप हे तिचे पहिले प्रेम आहे, तिच्यासोबत माहितीपुस्तिका मिळणार नाही आणि आईवडिलांच्या छळाला कंटाळून ती येथे आली आहे. पहिल्या वाचनाला मी हसलो. दुसऱ्या वाचनाला हसू आले नाही, आणि तिसऱ्या वेळी थोडा थकवा आला. प्रत्येक वाक्य वाचणाऱ्याकडे हसण्याची वसुली करायला उभे होते. शिवाय कॉफी आणि झोप यांच्यावरचे हे विनोद सगळीकडे फिरलेले आहेत. उसन्या कपड्यांत मुलगी दाखवावी तसे ते दिसत होते.

आईवडिलांच्या छळाचा विनोद आमच्या अंगावर आधीही एकदा आला होता. एका विवाह संकेतस्थळावर लेकीने पूर्वी लिहिले होते, ‘लग्नाची घाई आईला आहे, मला नाही.’ एका मुलाच्या आईने फोनवर सौ.ला अगदी शांतपणे विचारले, “मुलीला घाई नसेल तर आम्ही कोणाशी बोलायचं?” त्या बाईंचे काही चुकले नव्हते. त्यांनीही मुलाचे नाव तेथेच घातले होते. या ठिकाणी येणे हेच कमीपणाचे आहे, असे सुचवणारा विनोद आपल्याआधी तेथे आलेल्या वाचणाऱ्याची थट्टा करतो.

अशा मजकुरांपैकी गाजलेले दोन मला आठवतात. २०१५ साली बेंगळुरूच्या एका मुलीने, आईवडिलांनी विवाह संकेतस्थळावर घातलेली आपली माहिती पाहून, स्वतःचे वेगळे संकेतस्थळच उघडले. आपण लग्नाच्या बाजारात बसणाऱ्या मुलींपैकी नाही, चष्मा लावतो, केस कधीही लांब वाढवणार नाही, असे तिने सरळ सांगितले. देशभर त्याची चर्चा झाली. २०२१ साली उत्तरेकडील वृत्तपत्रांत एक जाहिरात आली. आखूड केसांची, स्पष्ट मते असलेली स्त्रीवादी वधू. वर देखणा व श्रीमंत हवा आणि त्याने ढेकर देता कामा नये, वगैरे. नंतर कळले की ती भावाने व मैत्रिणीने वधूच्या तिसाव्या वाढदिवसासाठी केलेली गंमत होती. दुसरी जाहिरात हसवण्यासाठीच होती, स्थळ आणण्यासाठी नव्हती. तिची नक्कल करून स्थळ मागणे व्यर्थ. पहिलीचे काम निराळे होते. ती बहुतेकांना दूर सारण्यासाठी लिहिली होती आणि जेथे वाचणारे लाखांनी असतात तेथे ते परवडते. आमच्या पुस्तिकेत सगळे मिळून काहीशे परिचय. त्यांतले अर्धे आपल्याच बाजूचे, उरलेल्यांत वय जुळणारे थोडे, आणि त्यांतही चार मामांकडून नात्यातले निघायचे. येथे दार लावून घेणारा विनोद चालत नाही.

मग लेकीने स्वतः लिहायला घेतले. तिचा पहिला प्रयत्न दुसऱ्या टोकाला गेला. स्वयंपाक जेमतेम येतो, राग लवकर येतो, सकाळी उठवत नाही, वस्तू हरवतात. प्रामाणिकपणात ती माझ्यावर गेली असे मला क्षणभर वाटले, पण सौ. म्हणाली, “स्वतःचा एक दोष सांगितला की माणूस जवळचं वाटतं. चार सांगितले की वाचणारा पाचवा शोधायला लागतो.” स्वयंपाकघरातून आलेले हे मत मी वहीत टिपून ठेवले आहे.

खरी अडचण पुढेच होती आणि ती विनोदाची नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका स्थळाला पाठवलेल्या माहितीत ‘चौविहार’ हा शब्द मी लिहिला होता. माझी आई आजही सूर्यास्तानंतर पाणी घेत नाही. घराची रीत तीच मुलीची रीत, असे मी धरून चाललो. पाच-सहा भेटी झाल्या, दोन्ही घरे पसंत होती. मग एका संध्याकाळी मुलाकडचे मुंबईत आले होते. लेक ऑफिसातून आठ वाजता पोहोचली. दिवसभर काही खाल्लेले नव्हते म्हणून तिने सर्वांसमोर सहज जेवण मागवले. मुलाच्या आईने काही म्हटले नाही. चार दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला की रात्री जेवण्याला हरकत नव्हती, लिहिले एक आणि निघाले एक याला आहे. लेकीला तो शब्द मी लिहिल्याचे त्या दिवशी प्रथम कळले. ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल भरणाऱ्याला बाजारात काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि त्या आठवड्यात ते मी स्वतःला पुष्कळदा म्हणून घेतले.

म्हणून या वेळी तिची अट होती की जेवणाच्या वेळेचा उल्लेख परिचयात येईल आणि खरा येईल. माझे म्हणणे होते की तो मुळीच नको. न लिहिण्यात खोटेपणा नाही. विचारले तर सांगू. ती म्हणाली, “अप्पा, विचारल्यावर सांगितलं की कबुली होते. आधीच सांगितलं की माहिती होते.” पण सांगायचे कसे? ‘रात्रिभोजन करते’ असे लिहिले तर बंडाचा झेंडा वाटतो, ‘नोकरीमुळे नियम पाळता येत नाही’ असे लिहिले तर गाऱ्हाणे. त्या संध्याकाळी आम्ही खिडकीशी बसून होतो, पवई तलावावर अंधार उतरत होता आणि समोरच्या इमारतीतील कार्यालयांचे दिवे एकेक लागत होते. ती म्हणाली, “चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी जेवते, एरवी ऑफिस सुटेल तेव्हा.”

या वाक्यात विनोद कोठे आहे, असे मला कोणी विचारले तर मला बोट ठेवता येणार नाही. सूर्य आणि ऑफिस यांना तिने एका मापाने मोजले, एवढेच. त्यात नियमाची थट्टा नाही, न पाळण्याचा तोरा नाही आणि रडगाणेही नाही. ज्याला ते हसून चालणार नाही त्याला अचूक माहिती मिळते; ज्याला हसू येते त्याला लिहिणारीचा स्वभावही मिळतो.

येथून आम्हाला एक कसोटी सापडली आणि उरलेला मजकूर तीवर घासून घेतला. विनोद कळलाच नाही, तरी वाक्य खरे उरले पाहिजे. आपल्याकडे परिचय पहिल्यांदा मुलगा क्वचितच वाचतो. आधी त्याची आई वाचते, मग वडील मामांचा रकाना पाहतात, मग आत्याला फोन जातो. यांतील निम्मे लोक गंमतीच्या मनःस्थितीत नसतात. ‘रागावले की ऑडिट रिपोर्ट देते’ हे वाक्य तिला आवडले होते. पण विनोद काढून घेतला तर मागे ‘मुलगी रागीट आहे’ एवढेच उरते, आणि तसे काही नाही. ते गेले. त्याऐवजी तिने आपल्या कामाविषयी जे अक्षरशः खरे आहे तेच मांडले. शेवटी कागदावर उतरले ते असे:

‘सी.ए. आहे. इतरांच्या हिशेबातील चुका शोधण्याचा पगार मिळतो. घरी हेच काम विनामूल्य करते आणि ते कोणालाही आवडत नाही. पवई तलावाकाठी रोज सकाळी चालायचे ठरवते. आठवड्यातून तीनदा जाते. चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी जेवते, एरवी ऑफिस सुटेल तेव्हा. फलटणचे घर सोडवत नाही, पवईचे भाडे परवडत नाही. तूर्त दोन्ही चालू आहे.’

शेवटच्या वाक्यावर सौ. अडली. “परवडत नाही म्हटलंस तर पगार पुरत नाही असं वाटेल. आणि पुरतोय ना?” पुरत होता. म्हणजे कसोटी आमचीच आणि वाक्य तिला उतरत नव्हते. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग सौ.च म्हणाली, “देववत नाही असं लिही.” सोडवत नाही, देववत नाही. एक शब्द बदलला आणि वाक्य खरेही झाले व पाठही होऊ लागले. सौ.ने आयुष्यात कधी काही लिहिलेले नाही, वाण्याची यादी सोडून. तिच्या यादीत मात्र कधी एक शब्द जास्त नसतो.

मी शब्द मोजले. ४६ भरले. चार शिल्लक होते, म्हणून मी ‘मनमिळाऊ व सुसंस्कारित मुलगी’ अशी सूचना केली. बरोबर चार शब्द. दोघींनी माझ्याकडे पाहिले आणि मी ती मागे घेतली. रकाना पूर्ण भरलाच पाहिजे असे अर्जात कोठे लिहिलेले नव्हते, हे माझ्या ध्यानात तेव्हा आले.

छापील मजकूर आणि व्यासपीठावरचे बोलणे यांत फरक पडतो, म्हणून तो मोठ्याने वाचून पाहिला. २५ सेकंद लागले. पहिल्या खेपेस लेक ‘कोणालाही आवडत नाही’पाशी थांबली आणि समोर पाहू लागली, जणू आता हसा. सौ.ने तिला न थांबता पुढे जायला सांगितले. विनोद करणाऱ्यानेच पावती मागितली की देणाऱ्याचा हात आखडतो. सपाट आवाजात, पत्ता सांगावा तसे वाचल्यावर ते वाक्य आपोआप चढले. विशेषणांचा माझा मसुदाही मी हौसेने वाचून पाहिला. तो सपाट आवाजात भाववाचनासारखा लागला आणि चढ्या आवाजात लिलावासारखा.

मुख्य परीक्षा आईची होती. ती ८४ वर्षांची आहे, फलटणला असते. फोनवर लेकीने तिला सगळा मजकूर वाचून दाखवला. जेवणाच्या वाक्यानंतर पलीकडे बराच वेळ शांतता होती. माझ्या छातीत धडधडत होते. मग आई म्हणाली, “खरं लिहिलंय. पण ऑफिसच्या आधी ‘नाइलाजाने’ घाल.”

लेक म्हणाली, “आजी, दर वेळी नाइलाज नसतो गं. कधी कधी काम आवडतं म्हणून थांबते.”

“मग नको घालू,” आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “तीनदा का, चारदा जात जा चालायला.”

पुस्तिका छापून आली. संमेलनात तिने तो मजकूर वाचला तेव्हा सभागृह हास्यात बुडाले वगैरे काही झाले नाही. पुढच्या दोन रांगांत थोडी कुजबुज झाली, एक वयस्कर गृहस्थ पुस्तिकेत पान शोधू लागले, आणि पुढच्या मुलाचे नाव पुकारले गेले. तीन कुटुंबांनी जेवणाच्या त्या एका ओळीमुळे विचार केला नाही, असे मध्यस्थाकडून कळले. मला वाईट वाटले, पण फार नाही. सहाव्या भेटीत कळण्यापेक्षा पहिल्या पानावर कळलेले दोन्ही घरांना स्वस्त पडते.

पुढच्या रविवारी सकाळी सोलापूरहून एक फोन आला. जय जिनेंद्र झाले, गावे निघाली, मामा निघाले. त्यांचे सुताचे दुकान आहे. पत्रिकेचे विचारतील म्हणून मी कागद जवळ ओढला.

ते म्हणाले, “ते घरी विनामूल्य तपासणीचं लिहिलंय ना, कोणालाही आवडत नाही म्हणून. नेमकं कोणाला आवडत नाही?”

“मला,” मी म्हणालो. “गेल्या दिवाळीला वहीपूजनाच्या दिवशीच तिनं माझ्या वहीत अकराशे रुपयांची चूक काढली. पूजा थांबली.”

पलीकडे ते बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, “आमच्याकडे वही मीच लिहितो. जरा सविस्तर सांगा.”